पैठणीच्या फोटोतली पुसलेली चीर, आणि माझे 14,500 रुपये

मी पुण्यात कॅटलॉगचे फोटो एडिट करते, साड्या, भांडी, दागिने, दिवसभर हेच काम, आणि त्याआधी चार वर्षं एका पेपरच्या फोटो डेस्कला होते. हे आधीच सांगते कारण फोटोला हात लावलेला ओळखणं हेच माझं पोट आहे आणि तरीही मी फसले, तेव्हा ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही त्यांनी तर हे नक्की वाचा.

भाचीच्या लग्नासाठी जुनी हातमागाची पैठणी शोधत होते. ऑनलाइन एका बाईंकडे दिसली, जांभळी, पदरावर बांगडी मोर, "एकदाच नेसलेली, कंडिशन एकदम छान", 14,500. पाच फोटो होते. मी पाचही बघितले पण मोबाइलवर आणि घाईत. पैसे पाठवले, गुरुवारी पार्सल आलं.

पलंगावर उलगडली आणि पदराच्या खालच्या तिसऱ्या घडीला हात थांबला. घडीच्या रेघेवरच दोन ठिकाणी रेशीम चिरलेलं, एक चीर बोटाएवढी, दुसरी त्याहून जरा लहान, आणि आडवे धागे सुटून लोंबत होते. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की असं होतं, रेशीम त्या रेघेवर कमकुवत होत जातं आणि जरीच्या जड काठाचा ताण पण तिथेच येतो, म्हणून आई दर चार-सहा महिन्यांनी घड्या बदलायची. काठाची जरही काळवंडलेली. फोटोत ती पिवळीधमक होती.

बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "ताई, फोटो फक्त थोडे ब्राइट केलेत, सगळेच करतात की, आणि खाली लिहिलंय ना लाइटमुळे रंगात फरक पडू शकतो म्हणून."

मग मी तिसरा फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि 200 टक्के झूम केला. घडीची रेघ काठापासून सरळ येते, मध्येच वीतभर गायब होते आणि पुढे परत सुरू होते. जिथे ती गायब आहे तिथे दोन बुट्ट्या, आणि दोन्ही बुट्ट्यांच्या उजव्या टोकाला तोच एक सुटलेला बारीक धागा, त्याच कोनात, शेजारी त्याच आकाराची सावली. हातमागावर दोन बुट्ट्या एकसारख्या दिसतात पण सुटलेला धागा आणि त्याची सावली दोनदा तंतोतंत तशीच येत नाही, ते क्लोन केल्यावरच येतं. चांगला तुकडा उचलून चिरेवर बसवला होता.

डेस्कवर आम्हाला हेच शिकवलं होतं, लबाडी शोधायची तर आधी पुनरावृत्ती शोधा. ऑगस्ट 2006 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बैरूतवरच्या बॉम्बहल्ल्याचा एक फोटो मागे घेतला, त्यात धुराचे लोट क्लोन करून वाढवले होते आणि धुराचे तेच ते गोळे वाचकांनीच ओळखले होते. पुढे त्या फोटोग्राफरचे सगळे, म्हणजे 920 फोटो त्यांनी विक्रीतून काढून टाकले. हल्ला खरा होता, धूरही खरा होता, फक्त जेवढा होता त्यापेक्षा जास्त दाखवला. आणि वाढवणंच नाही, काढून टाकणंही तेवढंच. जानेवारी 2014 मध्ये एपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेने सीरियाच्या एका फोटोवरून आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरशी काम थांबवलं, त्याने कोपऱ्यात पडलेला दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा पुसला होता, बस एवढंच, आणि हा माणूस आदल्या वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळालेल्या टीममधला होता.

बातमीच्या फोटोत म्हणूनच सेन्सरवरची धूळ काढणं, क्रॉप, थोडा उजेड-अंधार एवढंच चालतं आणि त्यासाठी टीप लागत नाही. पण फ्रेममधली वस्तू हलवली किंवा पुसली तर खाली कितीही टीप लिहा, तो बातमीचा फोटो राहत नाही. दोन फोटो जोडलेच तर ते चित्र म्हणून आणि तसं ठळक लिहूनच छापायचं. चेहरा ब्लर करणं हे वेगळं, मुलाची किंवा पीडितेची ओळख झाकायची असते, पण तिथेही "ओळख लपवण्यासाठी चेहरा अस्पष्ट केला आहे" ही ओळ कॅप्शनमध्ये हवी, म्हणजे वाचकाला कळतं की हात कुठे आणि का लावला.

मालाच्या फोटोत सूट जास्त आहे, हे मी स्वतः रोज करते म्हणून सांगते. मागची भिंत पांढरी करणं, साडीवर पडलेला केस काढणं, ट्यूबलाइटमुळे जांभळी साडी निळी दिसत असेल तर साडी शेजारी धरून रंग जुळवणं, यात काही चूक नाही कारण याने फोटो मालाच्या जवळ जातो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, हे जे पुसतेय ते पार्सलमधून गिऱ्हाइकाच्या घरी जाणार आहे का? केस जाणार नाही, चीर जाणार. नव्या मालात शिवणीचा एखादा धागा सुटला असेल आणि गिऱ्हाइकाला जाणारा पीस वेगळा असेल तर तो धागा काढता येतो, पण जुन्या वस्तूचा तोच एक नग विकायचा असतो, तिथे तिच्या अंगावरचं काहीच पुसता येत नाही. जरीचं तसंच. कॅमेऱ्याची चूक सुधारणं वेगळं आणि फक्त पिवळा रंग वाढवून काळी पडलेली जर सोनेरी करणं वेगळं.

आणि ती "लाइटमुळे फरक पडू शकतो" ओळ म्हणजे टीप नव्हे. ती प्रत्येक साडीखाली चिकटवलेली असते, या साडीबद्दल काहीच सांगत नाही. खरी टीप अशी असते: "तिसऱ्या घडीवर दोन चिरा आहेत, फोटो 4 बघा, काठाची जर काळवंडली आहे." किंवा एकाच साडीचा फोटो काढून सहा रंग बनवतात ना, हे धंद्यात सर्रास चालतं, तिथे त्या त्या फोटोवरच लिहायला हवं की हा रंग कॉम्प्युटरवर बदललाय, प्रत्यक्ष या रंगाच्या साडीचा फोटो नाही.

बाई पुढे म्हणाल्या, मी घरगुती विकते, माझं दुकान नाही, रिटर्न नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत अशी सूट आहे खरी, पण ती नियमित धंदा न करणाऱ्या खासगी माणसाला. त्यांच्या पेजवर साठेक साड्या विक्रीला होत्या. विक्रेता असेल तर जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळायला हवी, नाही जुळली तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. मी पेजचे स्क्रीनशॉट, झूम केलेला तुकडा आणि चिरेचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. अकरा दिवसांनी साडी परत घेऊन पैसे आले, कुरिअरचे 280 सोडून.

आता मी जुनी साडी घेताना आधी व्हिडिओ मागते, खिडकीच्या उजेडात, न तोडता, एकेक घडी उलगडत. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवते, कारण नुसता व्हॉट्सअपवर आलेला फोटो दाबला जातो आणि क्लोनच्या कडा त्यातच विरून जातात. फाइलच्या माहितीत एडिटिंग सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर विचारा, पण नाव नाही म्हणजे हात लावला नाही असं मुळीच समजू नका, ती माहिती सहज पुसता येते. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली की मी तिथेच थांबते.

परवा त्याच पेजवर ती पैठणी पुन्हा दिसली. किंमत 13,900, पहिला फोटो बदललाय, तिसरा तोच आहे, दोन बुट्ट्या आणि तोच सुटलेला धागा दोनदा. मी रिपोर्ट केलंय, अजून काढलेली नाही. जांभळी, बांगडी मोराचा पदर, कुणी बघत असाल तर तिसरी घडी उलगडून दाखवायला सांगा.