पॅनची झेरॉक्स दिली, फोनवर ओटीपी सांगितला

सोलापुरात जून-जुलैमध्ये झेरॉक्सच्या दुकानांबाहेर 'रिटर्न भरून मिळेल, रिफंडची हमी' अशा पाट्या दिसू लागतात. अशाच एका दुकानात 2024 साली माझं पहिलं इन्कम टॅक्स रिटर्न भरलं गेलं. मी 'भरलं' असं लिहीत नाही, कारण भरताना त्यात काय लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. ज्यांच्या घरात याआधी कुणी रिटर्न भरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आमच्या घरात तसं कुणीच नव्हतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. एप्रिल 2023 मध्ये मला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली, काम घरूनच. पहिल्याच महिन्यात कंपनीने विचारलं, टॅक्सची जुनी पद्धत हवी की नवी? पीएफ कापला जातो आणि एलआयसी काढायची आहे, तर जुनी घे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून जुनी लिहून दिली. एलआयसी काढायची राहूनच गेली. जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून मिळून 28,600 रुपये टीडीएस, म्हणजे पगारातूनच घेतला जाणारा कर, कापला गेला. ते परत मिळतील का, एवढाच प्रश्न घेऊन मी त्या दुकानात गेले होते.

तिथला माणूस वडिलांच्या ओळखीतला. "सगळे परत आणून देतो, पोरी. दोन हजार आत्ता, रिफंड आल्यावर त्याचे वीस टक्के." पॅन आणि आधारची झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म 16, त्याने ठेवून घेतले. मोबाइल नंबर मात्र विचारला नाही, आणि त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

नंतर कळलं की incometax.gov.in वर नोंदणी करायला पॅन नंबर, पॅनवरचं नाव आणि जन्मतारीख लागते, आणि हे सगळं पॅनच्या झेरॉक्सवरच छापलेलं असतं. स्त्री की पुरुष, रहिवासी की अनिवासी, हे तर कुणीही भरू शकतो. मग मोबाइल आणि ईमेल टाकायचा, दोन्हीकडे सहा आकडी ओटीपी जातो, तो टाकला की खातं उघडतं. त्याने माझ्या पॅनवर स्वतःचा मोबाइल आणि नुकताच काढलेला एक ईमेल टाकला. दोन्ही ओटीपी त्याच्याकडेच गेले. आयकर खात्याच्या दृष्टीने तो नंबर माझा होता. उद्या नोटीस निघाली असती तर ती त्याच्या ईमेलवर गेली असती, माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

पुढचं पाऊल मात्र माझ्याशिवाय पडणार नव्हतं. जूनच्या शेवटी दुपारी त्याचा फोन आला. मी कामाच्या मीटिंगमध्ये होते. "आता एक ओटीपी येईल, तेवढा सांग." आधारला जोडलेल्या माझ्या नंबरवर मेसेज आला. मी आवाज बंद करून, कोपऱ्यात उभी राहून सहा आकडे वाचून दाखवले. अर्ध्या मिनिटाचं काम.

ते सहा आकडे म्हणजे माझी सही होती. रिटर्न नुसतं पाठवून चालत नाही, ते आपणच भरलंय हे 30 दिवसांत पडताळून द्यावं लागतं, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. ही पडताळणी आधार ओटीपीने होते, नेट बँकिंगमधून होते, पडताळलेल्या बँक खात्यावर किंवा डीमॅट खात्यावर कोड मागवून होते. यातलं काहीच नको असेल, तर पावती छापून शाईने सही करून बेंगळुरूच्या केंद्राला पोस्टानेही पाठवता येते. मार्ग कुठलाही घ्या, त्या क्षणी 'यात लिहिलेलं सगळं खरं आहे' असं आपण म्हणत असतो. पाठवताना e-Verify Later असा पर्यायही असतो. तो घेऊन आधी सगळं निवांत वाचता येतं, आणि चूक दिसली तर पडताळणी न झालेलं रिटर्न Discard करून नव्याने भरता येतं. मी ओटीपी देण्याआधी 'मला पीडीएफ पाठवा' एवढं म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

संशय आला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याचा पुन्हा फोन: "रिफंड अडकलाय. बँक खातं व्हॅलिडेट होत नाही. पंधराशे लागतील, आणि एटीएम कार्डाचा नंबर पाठव." कार्डाचा नंबर म्हटल्यावर मी थांबले. कॉलेजची एक मैत्रीण नवी पेठेत सीएकडे आर्टिकलशिप करते. संध्याकाळी तिच्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो.

पोर्टलवर पॅन टाकला, तर आधीच नोंदणी झालेली. पासवर्ड अर्थातच माझ्याकडे नव्हता. मैत्रीण म्हणाली, Forgot Password मध्ये जा आणि आधार ओटीपी निवड. आधारचा मोबाइल माझाच असल्याने ओटीपी मला आला, नवा पासवर्ड टाकला आणि मी माझ्याच खात्यात पहिल्यांदा शिरले. प्रोफाइलमध्ये कुणा भलत्याचा नंबर, ज्याचे शेवटचे चार आकडे मला अजून पाठ आहेत. आधी तो काढून माझा मोबाइल आणि ईमेल टाकला. मग रिटर्नची पीडीएफ उघडली.

पगार 6,49,100. जुनी पद्धत. पन्नास हजारांची स्टँडर्ड वजावट, अडीच हजार व्यवसाय कर, 21,600 पीएफ, इथपर्यंत फॉर्म 16 प्रमाणेच. पुढे शैक्षणिक कर्जाचं व्याज 55,000 आणि आरोग्य विम्याचा हप्ता 24,000. मी कर्ज कधी काढलंच नाही, माझं शिक्षण वडिलांच्या मागावर झालंय. विम्याची पॉलिसीही नाही. या दोन खोट्या आकड्यांनी उत्पन्न 5,75,000 वरून 4,96,000 वर आलं होतं. जुन्या पद्धतीत ते पाच लाखांच्या आत आलं की सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणून 28,600 चा पूर्ण रिफंड, आणि त्याचे वीस टक्के म्हणजे 5,720 रुपये त्याचे.

खोटी वजावट पकडली गेली तर बुडालेल्या कराच्या दुपटीइतका दंड लागू शकतो. माझ्या बाबतीत 57,200, शिवाय कर आणि व्याज वेगळं. आणि तो भरायचा मी, कारण सही माझी.

मैत्रिणीने मग वहीवर जे मांडून दाखवलं, त्याने मला रडूच आलं. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होत होता. 6,49,100 मधून पन्नास हजारांची स्टँडर्ड वजावट गेली की 5,99,100. कर शून्य. म्हणजे एकही खोटा आकडा न लिहिता, फक्त रिटर्न भरताना नवी पद्धत ठेवली असती, तरी ते सगळे 28,600 माझेच होते. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला जुनी सांगितली होती म्हणून पगारदाराला रिटर्नमध्ये तीच धरावी लागते असं नाही. मुदतीच्या आत भरताना बदलता येते. हे आकडे 2023-24 या वर्षाचे आहेत. नंतर मर्यादा बदलल्यात, तेव्हा आपल्या वर्षाच्या बघा.

पडताळणी झाल्यामुळे जुनं रिटर्न टाकून देता येत नव्हतं. 31 जुलैच्या मुदतीला अजून दोन आठवडे होते, म्हणून सुधारित रिटर्न भरलं. त्यात आधीच्या रिटर्नचा पंधरा आकडी पोचक्रमांक आणि तारीख द्यावी लागते. नव्या पद्धतीत, खोट्या वजावटी न लिहिता भरलं, दोघींनी प्रत्येक पान वाचलं आणि मगच आधार ओटीपी मी स्वतः टाकला.

आता बँक खातं. ते खरंच अडकलं होतं, एवढं मात्र तो खरं बोलला होता. My Bank Account मध्ये माझं खातं Failed दाखवत होतं. कारण साधं होतं: आमच्यात आडनाव आधी लावायची पद्धत, बँकेत तसंच लिहिलेलं आणि वडिलांचं नाव गाळलेलं, तर पॅनवर पूर्ण नाव वेगळ्या क्रमाने. शिवाय बँकेत पॅन जोडलेलाच नव्हता. पोर्टल खातं तपासतं म्हणजे खाते क्रमांक आणि आयएफएससी घेऊन बँकेकडून नाव आणि पॅन जुळतात का एवढं बघतं. याला शुल्क नाही, आणि कार्डाचा नंबर किंवा पिन यात कुठेच लागत नाही. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुना आयएफएससी चालत नाही, तेही बघायचं.

बँकेत पॅन आणि आधार नेऊन केवायसीचा फॉर्म भरला. चार दिवसांनी पोर्टलवर Re-Validate केलं, खातं Validated झालं, मग त्यापुढचं Nominate for Refund सुरू केलं. हे राहिलं तर खातं ठीक असूनही पैसे येत नाहीत. बँकेतला आणि पोर्टलवरचा मोबाइल एकच असेल, तर पडताळणीचा कोडही त्या खात्यावर मागवता येतो. त्या माणसाचा नंबर पोर्टलवर राहिला असता तर तेही जमलं नसतं.

खातं Failed होतं म्हणूनच खोट्या रिटर्नवरचा पैसा माझ्याकडे आला नाही. ऑगस्टच्या अखेरीला 28,600 आणि पाच महिन्यांचं दरमहा अर्धा टक्क्याने व्याज 715, असे 29,315 रुपये जमा झाले. ते 715 पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवले. दोन हजार मात्र गेले ते गेले. मी मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "काम तर झालं ना तुझं?" टेबलावर पॅनच्या झेरॉक्सचा गठ्ठा रबर लावून ठेवलेला होता. त्यातली किती माणसं स्वतःच्या पोर्टलवर कधी शिरलीत, कुणास ठाऊक.

14 जुलै 2025 ला आयकर खात्याने देशभरात अशाच एजंटांची पडताळणी सुरू केली. फक्त रिटर्न भरण्यापुरते ईमेल काढायचे आणि मग सोडून द्यायचे, त्यामुळे नोटिसा न वाचताच पडून राहतात, हे खात्यानेच सांगितलं. ज्यांनी असा रिफंड आधीच घेतलाय आणि सुधारित रिटर्नची मुदत गेलीय, त्यांना अपडेटेड रिटर्न भरून कर, व्याज आणि वर ठरलेली जादा रक्कम परत करता येते. नोटीस येण्याआधी सीएला भेटा, कारण कारवाई सुरू झाली की हा मार्ग बंद होऊ शकतो.

ती बातमी वाचली त्या रात्री मी दादाला विचारलं, त्या दुकानात तूही पॅन दिला होतास का? "हो, माझीही झेरॉक्स ठेवून घेतली होती, पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणाला." दादाने कधी रिटर्न भरलंच नव्हतं. पोर्टलवर त्याचा पॅन टाकला, तर नोंदणी झालेली होती. आधार ओटीपीने पासवर्ड बदलून आत गेलो. मोबाइलचे शेवटचे चार आकडे तेच होते.