‘हिरवी हमी’ की ‘सावली आणि सवड’? कमी उन्हाच्या नर्सरीसाठी ओळ निवडताना

माझी मावसबहीण पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला छोटी नर्सरी चालवते. तिची बहुतेक गिऱ्हाइकं फ्लॅटमधली. बाल्कनीसमोर दुसरी इमारत, ऊन आलं तर सकाळी तासभर, आणि नवराबायको दोघंही रात्री आठनंतर घरी. गेल्या वर्षी तिनं गुलाब आणि जास्वंद जवळजवळ बंद केले आणि झेडझेड, स्नेक प्लांट, मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा यांच्यावर भर दिला. मग नर्सरीच्या नावाखाली कोणती ओळ लिहायची, असा प्रश्न आला. मी छोट्या दुकानांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिते, म्हणून काम माझ्याकडे आलं. शेवटपर्यंत टिकल्या त्या चार ओळी. असाच धंदा असलेल्या कुणाला ओळ ठरवायची असेल, तर आम्ही त्या कशा तोलल्या ते इथे सांगते.

एक ओळ आधीच बाजूला काढली होती: ‘घरात आणा शुद्ध हवा’. ती सगळीकडे दिसते आणि विकलीही जाते, पण खरी नाही. या समजुतीचं मूळ १९८९ सालच्या नासाच्या अभ्यासात आहे, आणि ते प्रयोग लहान सीलबंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खिडक्या-दारांतून एरवीच खेळणाऱ्या हवेइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील, असं त्यातून दिसलं. दिवाणखान्यात दोन कुंड्या ठेवणाऱ्याला हे वचन देता येत नाही.

उरलेल्या चार अशा:

‘ऊन कमी, वेळ कमी, तरी हिरवी हमी.’

‘आठवड्यातून एकदा पाणी, बाकी झाड बघून घेईल.’

‘तुमच्या बाल्कनीत जगतील, तीच झाडं.’

‘सावलीत वाढणारी, सवडीने पाणी मागणारी.’

नर्सरीच्या फाटकाशी एक फळा असतो. त्यावर प्रत्येक ओळ एकेक आठवडा खडूनं लिहिली. विक्री मोजली नाही, कारण ती पावसावर आणि पगाराच्या तारखेवर हलते. ओळ वाचून आत आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो, एवढंच बहिणीनं वहीत टिपलं. ओळीनं माणसाच्या मनात काय पेरलं, ते पहिल्या प्रश्नात उगवतं.

‘हिरवी हमी’ कानाला सगळ्यांत गोड. कमी-कमी-हमी असं यमक आहे, एकदा ऐकली की लक्षात राहते, आणि मला स्वतःला ती आधी फार आवडली होती. पण त्या आठवड्यात वहीत एकच प्रश्न पुन्हापुन्हा आला: ‘गेलं तर बदलून देणार का?’ हमी या शब्दामागे आपण मिक्सर आणि पंख्यांची वर्षं बघत आलोय, त्यामुळे गिऱ्हाइकाला बिल आणि मुदत आठवते. झाड गेलं की ते का गेलं, हे दुकानात बसून सिद्ध करता येत नाही. बहुतेक वेळा कारण जास्त पाणी असतं, आणि आणून देणारा सांगतो, ‘रोज न चुकता घालत होतो हो.’ तो खरंच मनापासून सांभाळत होता. त्याच्याशी हमीवरून वाद घालणं कुठल्याही नर्सरीला परवडत नाही. या ओळीत आणखी एक दोष आहे. तिचे पहिले चार शब्द गिऱ्हाइकाला त्याच्या घरात काय नाही ते सांगतात. फ्लॅटमधल्या माणसानं ते बिल्डरकडून, पाहुण्यांकडून, सासूबाईंकडून ऐकलेलंच असतं.

दुसरी ओळ सर्वांत ठोस आहे, आणि ठोसपणाच तिला अडचणीत आणतो. ती नर्सरीतल्या प्रत्येक कुंडीसमोर उभी करून बघा. झेडझेडच्या मातीखाली बटाट्यासारखे फुगीर कंद असतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं. मे महिन्यातही त्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. जुलैत सावलीतली कुंडी तीन आठवडे ओलीच राहते. तेव्हा कुणी दर रविवारी न चुकता पाणी घातलं, तर कंद सडतात, देठ बुंध्याशी मऊ पडतात, आणि ओढलं की हातात येतात. उलट पीस लिली मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी मागते. आठवडाभर थांबलात तर तिची पानं माना टाकतात. म्हणजे एकच ओळ जुलैत एका झाडाला बुडवते आणि मे महिन्यात दुसऱ्याला सुकवते. वहीतला प्रश्नही तोच होता: ‘सगळ्यांनाच आठवड्यातून एकदा?’ आकडा कुंडीवरच्या चिठ्ठीवर हवा, कारण तिथे तो एका झाडापुरता असतो आणि ऋतूप्रमाणे बदलून लिहिता येतो. ‘बाकी झाड बघून घेईल’ हा तुकडा मात्र मला अजून आवडतो. तो चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ठेवायला हरकत नाही.

तिसरी आणि चौथी यांच्यात निवड करणं खरं अवघड गेलं.

‘तुमच्या बाल्कनीत जगतील, तीच झाडं’ ही ओळ दुकानदाराला बांधून घेते. ती लिहिल्यावर उत्तरेच्या बाल्कनीवाल्याला मोगरा विकता येत नाही, त्यानं कितीही आग्रह केला तरी. मला हे फार मोलाचं वाटतं. शब्दही विचारपूर्वक निवडलेले आहेत. आधीच्या खर्ड्यात ‘सहज न मरणारी झाडं’ असं होतं आणि ते आम्ही लगेच खोडलं. वास्तुशांतीला भेट म्हणून कुंडी नेणाऱ्याच्या हातातल्या पिशवीवर मरण हा शब्द कुणालाच नको असतो. आपण तर वाळलेल्या झाडालाही ‘गेलं’ म्हणतो. ‘जगतील’मध्ये तीच खात्री आहे, आणि ऐकायला बरं वाटतं. शिवाय ‘झाडं’ हा शब्दही बरोबर आहे. नर्सरीतली माणसं ‘रोप’ म्हणतात, पण फ्लॅटमधल्या माणसासाठी कुंडीतलं सगळं झाडच असतं.

अडचण एवढीच की या ओळीमागे कायम बोलणारं माणूस हवं. बाल्कनी कोणत्या दिशेला, समोर काय आहे, ग्रिल आहे की काच, हे विचारल्याशिवाय ती खरी ठरत नाही. उत्तरेच्या बाल्कनीचंच घ्या. वर्षातला बराच काळ तिथे थेट ऊन नसतं. पण एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन शिरतं, आणि मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. हिवाळ्यात तिथे सुखात असलेल्या कॅलेथियाची पानं तेव्हा कडेनं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. हे सगळं विचारून, समजावून विकायला एका गिऱ्हाइकामागे दहा मिनिटं जातात. रविवारी सकाळी नर्सरीत पंधरा माणसं असतात आणि बहीण एकटी. सोसायटीच्या प्रदर्शनात मदतीला आलेला मुलगा तर हे विचारतच नाही. तिथे ही ओळ खोटी पडते.

चौथी ओळ वचन झाडाबद्दल देते, गिऱ्हाइकाच्या घराबद्दल देत नाही. त्यामुळे बोलणारं माणूस नसतानाही ती खरी राहते. मराठीत ‘ऊन कमी’ ही उणीव आहे, पण ‘सावली’ हवीहवीशी गोष्ट आहे. उन्हातून चालून आलेल्या माणसाला आपण सावलीत बसवतो. वस्तुस्थिती तीच, फक्त घराला कमीपणा येत नाही. ‘सवड’चंही तसंच. ‘वेळ नाही’ म्हणताना माणूस थोडा अपराधी असतो. ‘सवडीने कर’ म्हटलं की सुटका वाटते. शिवाय हे झाडांच्या स्वभावाला धरून आहे. अग्लोनिमा आणि सिंगोनियम मूळची दाट जंगलातल्या मोठ्या झाडांखालची, त्यामुळे गाळून आलेला उजेड त्यांच्या सवयीचा. त्या आठवड्यातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा होता: ‘आमच्याकडे सकाळी तासभरच ऊन येतं, चालेल का?’ नर्सरीला नेमका हाच प्रश्न हवा असतो. गिऱ्हाईक आपणहून स्वतःच्या बाल्कनीबद्दल बोलू लागतं आणि पुढचं काम निम्मं होतं.

या ओळीलाही मर्यादा आहेत. सावली म्हणजे अंधार असं काही जण धरतात आणि झेडझेड नेऊन बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये ठेवतात. तिथे ते काही महिने तग धरतं, पण नवा कोंब लांबट आणि फिकट येतो, प्रकाशाकडे वाकतो. म्हणून चिठ्ठीवर एक कसोटी छापली: दुपारी बारा वाजता, दिवे बंद ठेवून, कुंडीच्या जागेवर पांढरा कागद धरा आणि त्यावर एक वीतभर वर हात धरा. हाताची पुसट का होईना सावली पडली तर जागा चालेल. काहीच पडली नाही तर तो अंधार आहे. दुसरी मर्यादा पाण्याची. ‘सवडीने’चा अर्थ ‘आठवण आली की’ असा घेणाऱ्याच्या घरी पीस लिली टिकत नाही. ती या ओळीखालच्या मांडणीतून काढून वेगळ्या फळीवर ठेवली. ओळ टिकवायची तर माल तिच्याप्रमाणे लावावा लागतो.

लांबी बघितली तर तिसरी आणि चौथी दोन्ही पाच-पाच शब्दांच्या. रिक्षातून जाताना पाच शब्द वाचून होतात, पण चौथीत जोडून आलेली दोन लांब विशेषणं दुरून अडखळवतात. त्यामुळे रस्त्यावरच्या फलकासाठी तिचं आखूड रूप केलं: ‘सावलीतली, सवडीची झाडे’. पूर्ण ओळ पिशवीवर, चिठ्ठीवर आणि लिफ्टमध्ये लावायच्या कागदावर. इथे लेखनाचा एक बारीक मुद्दा आहे आणि तो फलक रंगवण्याआधी ठरवा. बोलताना आपण ‘सवडीनं’ आणि ‘झाडं’ म्हणतो, लिहायलाही ते छान वाटतं. पण रंगाऱ्याच्या हातून वरचा टिंब सुटतो, किंवा वर्षभरात उन्हापावसानं उडतो, आणि फलकावर ‘सवडीन’ आणि ‘झाड’ उरतं. माझ्या एका जुन्या कामात हे झालंय, आणि ते फलक पुन्हा रंगवायला कुणी पैसे दिले नाहीत. म्हणून फलकावर ‘झाडे’ आणि पूर्ण ओळीत ‘सवडीने’. मात्रा मोठी असते, सहज पुसत नाही.

तुमच्याकडे दिवसभर कुणी जाणकार माणूस गिऱ्हाइकाशी बोलायला असेल, किंवा तुम्ही घरी जाऊन बाल्कनी बघून झाडं लावून देत असाल, तर तिसरी ओळ घ्या. त्या कामासाठी ती चौथीपेक्षा खरी आणि वजनदार आहे. माल नुसता मांडून ठेवून, प्रदर्शनात किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विकत असाल, तर चौथी. बहिणीनं चौथी घेतली. तिच्याकडे मोगरा अजून आहे, पण फाटकापासून लांब, मागच्या उघड्या भिंतीशी, आणि त्याच्या कुंडीवर वेगळी चिठ्ठी आहे: ‘याला रोज पाच तास ऊन लागतं. नसेल तर फूल येणार नाही.’