रिटेन्शन ग्राफमधला खड्डा की कडा? सहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

यूट्यूब स्टुडिओतला ऑडियन्स रिटेन्शनचा ग्राफ गेले सहा महिने प्रत्येक भागानंतर वापरतोय. प्रेक्षक कुठे कंटाळला हे तो अचूक दाखवतो, पण का कंटाळला हे सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते.

आधी वेळेचं. भाग टाकल्या दिवशी ग्राफ बघू नका, आकडे यायला एक-दोन दिवस लागतात. व्ह्यूज चाळीसच असतील तर एक माणूस उठून गेला तरी रेष अडीच टक्क्यांनी खाली येते, अशा रेषेवरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. शंभराच्या खाली असताना मी ग्राफ उघडतच नाही.

पहिल्या तीस सेकंदांतली मोठी घसरण पाहून घाबरायचं कारण नाही, ती सगळ्यांकडेच असते. तिची तुलना आपल्याच तेवढ्याच लांबीच्या आधीच्या भागांशी करायची. `Typical retention` हा पट्टा त्यासाठीच आहे. रेष पट्ट्याच्या आत असेल तर सुरुवात सोडून द्या आणि पुढे बघा.

खरा उपयोग मधल्या घसरणीचा. ग्राफवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे तो क्षण किती वेळा पाहिला गेला, भागिले एकूण व्ह्यूज. लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात, म्हणून रेष वर चढू शकते, कधी १०० टक्क्यांच्याही वर जाते. हे लक्षात ठेवलं की घसरणीचे दोन प्रकार वेगळे दिसायला लागतात. रेष खाली जाऊन थोड्याच वेळात परत वर आली, तर तो खड्डा: लोक तेवढा तुकडा ओलांडून पुढे गेले, पण भाग सोडला नाही. खाली गेली आणि खालीच राहिली, तर तो कडा: लोक निघून गेले. दोन्हींवरचा उपाय सारखा नसतो.

उदाहरण घेऊ. सायकल दुरुस्तीच्या मालिकेतला बारा मिनिटांचा भाग, विषय गिअर जुळवणं. ४:१० ला रेष ५२ वर आहे, ४:४० ला ४१ वर. म्हणजे तोवर बघत असलेल्यांपैकी २१ टक्के अर्ध्या मिनिटात कमी झाले. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात रेष फक्त एका अंकाने उतरली होती, म्हणजे इथे नक्की काहीतरी घडलंय. पण ५:२० ला रेष पुन्हा ४९ वर आहे. खड्डाच हा.

आता व्हिडिओ ४:०० पासून लावा, ४:१० पासून नाही. माणूस कंटाळल्यावर बोट उचलायला काही सेकंद घेतो, त्यामुळे कारण घसरणीच्या पाच-दहा सेकंद आधी सापडतं. इथे ४:०३ ला वाक्य येतं, ‘त्याआधी काय काय हत्यारं लागतील ते बघू.’ पुढे मिनिटभर टेबलावरची हत्यारं एकेक करून उचलून दाखवलीत. गिअर बघायला आलेला माणूस हे ऐकताच पुढे सरकवतो आणि पाना हातात घेतलेला दिसला की थांबतो.

हत्यारांची माहिती निरुपयोगी नाही, तिची जागा चुकली. म्हणून पुढच्या भागात वेगळी यादी नको. जे हत्यार हातात येईल त्याचं नाव आणि माप त्याच क्षणी स्क्रीनवर तीन सेकंद द्या, आणि पूर्ण यादी वर्णनात टाका. ४९ वर न येता रेष ४१ वरच राहिली असती, तर मात्र त्या ठिकाणी विषयच सुटला, किंवा शीर्षकात दिलेलं वचन तोवर पूर्ण झालं, असं धरून मांडणीचा क्रमच बदलावा लागला असता.

पुढच्या भागात एवढा एकच बदल करा. सुरुवात, संगीत, लांबी सगळं एकदम बदललं तर रेष कशामुळे हलली ते कळणार नाही. तुलना करताना आणखी एक फसगत होते: नवा भाग शिफारशींतून अनोळखी लोकांपर्यंत पोचला, तर तुमचा बदल बरोबर असूनही सगळी रेष खाली दिसते. म्हणून नवे आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे करून, दोन्ही भागांतल्या फक्त परत येणाऱ्यांच्या रेषा शेजारी ठेवा.

शेवटचा कडा जवळपास प्रत्येक नव्या मालिकेत दिसतो. ‘चला तर मग, आज इथेच थांबू’ हे वाक्य ११:०० ला आलं की रेष तिथेच कोसळते, आणि शेवटच्या वीस सेकंदांत लावलेली एंड स्क्रीन बघायला फारसं कुणी उरत नाही. निरोपाचं वाक्य काढा. शेवटचा स्क्रू घट्ट होत असतानाच पुढच्या भागाचा दुवा स्क्रीनवर येऊ द्या.