चौकोनी गटार: रुंदी खोलीच्या दुप्पट ठेवावी की तिप्पट?

आमचं घर सिंधुदुर्गात, सड्याच्या पायथ्याशी. वरचा चारेक एकर उघडा कातळ जुलैत जे पाणी सोडतो, ते घरामागून आडवं फिरवून पऱ्याला नेऊन सोडायचं होतं. साठ मीटर लांबी, हजारास एक उतार, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, तळाला काँक्रीट. ताशी शंभर मिलीमीटर पाऊस धरला आणि त्यातलं थोडं मुरतं-अडतं ते वजा केलं, तर सेकंदाला सुमारे ३७० लिटर पाणी येतं. गिलाव्याचा खरखरीतपणा जरा सढळ, म्हणजे n = 0.017 धरून, पाण्याला अर्धा चौरस मीटर छेद लागतो असं निघालं. प्रश्न उरला आकाराचा. तेवढाच छेद खोल-अरुंद करता येतो, नाहीतर उथळ-रुंद.

पाठ्यपुस्तकाचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं, पण ते कुठून येतं हे एकदा नजरेखालून घातलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. तळाची रुंदी b, पाण्याची खोली y, छेद A. पाणी तळाला आणि दोन्ही भिंतींना घासतं, म्हणून ओली परिमिती

```
P = b + 2y = A/y + 2y
dP/dy = -A/y² + 2 = 0
A = 2y²,  b = 2y
```

घासणारी कड सगळ्यात कमी, म्हणून त्याच छेदातून आणि त्याच उतारावर पाणी सगळ्यात जास्त. गणित नको असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाशी आरसा धरा. खालचा आयत आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पूर्ण चौरस होतो, आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या आयतांत चौरसाचीच कड कमीत कमी असते. आपलं गटार म्हणजे त्या चौरसाचा खालचा अर्धा.

आमच्या बाबतीत दुप्पट म्हणजे रुंदी १ मीटर, पाणी ५० सेंटीमीटर, परिमिती २ मीटर. तिप्पट केली तर रुंदी १.२२ मीटर, पाणी ४१ सेंटीमीटर, परिमिती २.०४ मीटर. म्हणजे चार सेंटीमीटरचा फरक. मॅनिंगच्या सूत्रात घातलं तर दुप्पटवाल्यातून सेकंदाला ३६९ लिटर जातात, तिप्पटवाल्यातून ३६४. पावसाचा अंदाज बांधतानाच आपण याच्या कितीतरी पट चुकतो, त्यामुळे या पाच लिटरांवरून मला तरी वाद घालवत नाही.

किमान बिंदूजवळ आलेख असाच सपाट असतो. चौपट रुंदीपर्यंत गेलं तरी परिमिती २.१२ होते आणि पाणी जेमतेम चार टक्क्यांनी घटतं. गंमत अशी की रुंदी आणि खोली सारखीच ठेवली, तरी परिमिती नेमकी तेवढीच, २.१२. म्हणजे अरुंदाकडे चुकलात काय आणि रुंदाकडे चुकलात काय, पाण्याला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो भिंतीला.

मी सुरुवातीचे वीस मीटर दुप्पट मापाने बांधून घेतले. सूत्रावर विश्वास होता, शिवाय जागाही कमी जात होती. आमच्याकडे मिळणारा चिरा सात इंच उंचीचा, दर्जेसकट थर १९ सेंटीमीटरचा पडतो. तीन थरांची भिंत ५७ सेंटीमीटर. पाणी ५० असेल तर वर मोकळी उरते फक्त सात सेंटीमीटर, आणि सड्यावरून पाणी येतं ते पालापाचोळा घेऊन. एवढ्यात भागत नाही. म्हणून चौथा थर आला. मिस्त्री म्हणाला, "दादा, एकेरी भिंतीर चौथो थर रवाचो नाय. दुहेरी धरूक होयी." मला वाटलं, चिरे जास्त खपवायचा विचार असेल. एकेरीच चढवायला लावली.

तो बरोबर होता. भिंतीमागच्या मातीचा रेटा भिंतीला पायाशी उलटवू बघतो, आणि तो जोर उंचीच्या घनाने वाढतो. तीनाचे चार थर झाले की ६४ भागिले २७, जवळजवळ दोन पूर्णांक चार पट. जुलैतल्या एका उघडिपीत गटार रिकामं होतं आणि मागची तांबडी माती पाणी पिऊन जड झालेली. त्या दोन दिवसांत डोंगराकडच्या भिंतीने आत पोट काढलं. डोळ्यांना आधी कळलं नाही. पहिल्या थराच्या दर्जेत गिलाव्याला आडवी, केसासारखी चीर दिसली म्हणून ओळंबा सोडला, तर माथा दीड इंच आत आलेला. मागचं पाणी झिरपून यायला भिंतीत नळ्या ठेवल्या नव्हत्या, हा दोष माझाच, आकाराचा नाही. पण तीन थरांच्या भिंतीने तोही बहुधा पोटात घातला असता.

उरलेले चाळीस मीटर तिप्पट मापाने केले. पाणी ४१, तीन थर ५७, वर सोळा सेंटीमीटर मोकळे. चौथा थर नाही, दुहेरी भिंत नाही. पूर्ण साठ मीटरचा हिशेब केला तर चौथ्या थराला दोन्ही बाजूंचे मिळून सव्वातीनशे चिरे लागतात. उलट तळ २२ सेंटीमीटर वाढवायला दहा सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट दीड घनमीटरही लागत नाही.

नंतर लक्षात आलं की हेही त्याच गणितात बसतं. भिंतीचा चौरस मीटर तळापेक्षा k पट महाग असेल, तर परिमितीऐवजी b + 2ky किमान करायचं, आणि उत्तर येतं b = 2ky. माझ्याकडे चिरा, मजुरी, गिलावा धरून भिंत तळाच्या साधारण दीडपट पडली. दीडपट घातली की b = 3y. पाठ्यपुस्तकातलं दुप्पट म्हणजे भिंत आणि तळ सारख्याच भावाचे मानलेला खास प्रकार, एवढंच.

तरी दुप्पट माप वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कंपाउंड आणि घर यांच्यामध्ये वीतभर जागाही मोलाची असेल, किंवा फर्मा लावून हव्या त्या उंचीची काँक्रीटची भिंत ओतणार असाल, तर थरांची कटकट राहत नाही, आणि वरच्या मोकळ्या उंचीसाठी खोदाईही अरुंद गटारात कमी होते. सलग कातळ कापून गटार काढणार असाल तर कातळच भिंत. तिथे मीही दुप्पटच घेईन. शिवाय रुंद तळावर सप्टेंबर उजाडला की पाण्याचा पातळ पापुद्रा सरकतो आणि तांबडा गाळ बसतो. तेवढाच जाड गाळ रुंद गटाराचा छेदही जास्त खातो. त्यावर मी तळाला मधोमध दोन इंचांचा खोलगट दिला आहे, बारीक धार त्यातूनच वाहते. गाळ तरीही बसतो, पण फावडं आडवं फिरतं.

तुमच्याकडे एकेरी चिऱ्याची भिंत आणि मागे भिजणारी माती असेल, तर आधी थर मोजा आणि मग सूत्राकडे वळा, एवढं सुचवेन. माझे ते पहिले वीस मीटर अजून उभे आहेत. मध्ये आडव्या तीन काँक्रीटच्या पट्ट्या टाकून दोन्ही भिंतींना एकमेकींवर टेकवलंय. दर पावसात पाला अडकतो तो नेमका त्या पट्ट्यांना.