एकच पोर्ट: टॅबलेट आणि कीबोर्डवर इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट करताना

टॅबलेटचं चार्जिंग पोर्ट ढिलं झालं आणि सर्व्हिस सेंटरने मेनबोर्ड बदलायचा म्हणून साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. टॅबलेट, कीबोर्डचं कव्हर आणि पेन मिळून मला चौतीस हजारांना पडलं होतं. म्हणजे एका सॉकेटसाठी तिसरा हिस्सा किंमत पुन्हा मोजायची. मी तिथून टॅबलेट उचलला आणि सरळ म्हापशाला दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने आधी विचारलं, "केबल एका बाजूने लावली तर चालते, उलटी केली तर नाही, असं होतं काय?" तसंच होत होतं. यूएसबी-सीच्या सॉकेटमध्ये संपर्कांच्या दोन रांगा असतात, म्हणून केबल दोन्ही बाजूंनी चालते. एकाच बाजूने चालायला लागली की एका रांगेतले संपर्क झिजलेत किंवा वाकलेत असं समजायचं. दोन्ही बाजूंनी अडखळत असेल तर आधी आत साचलेला कचरा काढून बघायचा आणि दुसरी केबल लावायची. माझ्या टॅबलेटमध्ये पोर्ट एका वेगळ्या छोट्या पट्टीवर होतं, मेनबोर्डवर नव्हतंच. पट्टी बदलून चौदाशे रुपयांत काम झालं. सर्व्हिस सेंटरला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर माशेलला, कॉलेज फोंड्याच्या बाजूला. नुसत्या अभ्यासासाठी टॅबलेटबद्दल माझी तक्रार नाही. सर्किटच्या आकृत्या पेनने काढता येतात, पीडीएफवरच गणितं सोडवता येतात आणि पावसाळ्यात घरची वीज गेली तरी बॅटरी रात्र काढते. कीबोर्ड चुंबकी पिनांवर बसतो, तो पोर्ट अडवत नाही. सी आणि पायथनचे प्रोग्रॅम टर्मक्स या लिनक्ससारख्या टर्मिनल अॅपमध्ये व्यवस्थित चालतात.

प्रोजेक्टला मात्र हे एकच पोर्ट पुरत नाही. आमचा प्रोजेक्ट खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या मानशीजवळच्या पाण्याची पातळी मोजण्याचा आहे. मानस म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार. भरतीला मानशीची दारं पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. दार नीट मिटलं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि ते लगेच कळावं एवढाच हेतू. ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, पाणी लागलं तरी चालणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि वायफाय. अँड्रॉइडवरच्या अॅपमधून कोड कंपाइल होऊन टॅबलेटला यूएसबीची उपकरणं जोडणाऱ्या ओटीजीने बोर्डावर गेला, एलईडी लुकलुकला. पण कोडमध्ये वायफाय आलं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागला. सीरियल मॉनिटरवर हेच येत राहिलं:

```
Brownout detector was triggered
```

याचा अर्थ व्होल्टेज मध्येच खाली गेलं. वायफाय सुरू होताना या चिपचा करंट क्षणात उसळतो. निर्मात्यांची शिफारसच किमान ५०० मिलिअँपिअर देणाऱ्या सप्लायची आहे. माझ्याकडे टॅबलेटच्या पोर्टमधून, एका पोर्टची अनेक करणाऱ्या हबला, हबमधून लांब स्वस्त केबलने बोर्डाला आणि बोर्डातून सेन्सरला, असा सगळा भार एकाच सॉकेटवर होता. दोष कोडचा की विजेचा हे ओळखायला `WiFi.begin` ची ओळ तात्पुरती बंद करायची. तेवढ्याने रीसेट थांबले तर सप्लाय कमी पडतोय.

स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब घेतला आणि रीसेट थांबले. पण चार्जर मध्येच लावला की हब आणि टॅबलेट यांच्यात कोण कोणाला वीज देणार हे नव्याने ठरतं. त्या क्षणी बोर्ड तुटतो आणि अपलोड अर्धवट राहतो. म्हणून क्रम ठरवून घेतला: आधी हबला अॅडॅप्टर, मग हब टॅबलेटला, शेवटी बोर्ड. या काढ-घालीत आणि लोंबणाऱ्या हबच्या वजनानेच पोर्ट झिजलं, असं मला वाटतं.

इथपर्यंत माझं मत टॅबलेटच्या विरोधात पक्कं झालं होतं. मग ओटीए, म्हणजे वायफायवरून अपलोड करून पाहिलं आणि मत बरंच बदललं. पहिला कोड केबलने टाकायचा, त्यात `ArduinoOTA.begin()` आणि `loop()` मध्ये `ArduinoOTA.handle()` ठेवायचं. त्यानंतर बोर्ड स्वतःच्या चार्जरवर कोपऱ्यात पडून राहतो, आणि टॅबलेटवरून:

```
python espota.py -i 192.168.1.37 -p 3232 -f manas.bin
```

पोर्ट मोकळं, केबल नाही, ब्राउनआउट नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. `loop()` मध्ये लांबलचक `delay()` असेल तर बोर्ड हाक ऐकतच नाही. आणि नव्या कोडमध्ये ओटीएच्या ओळी राहून गेल्या की परत केबल शोधावी लागते. शिवाय ओटीएला मेमरीत कोडच्या दोन जागा लागतात, म्हणून "Huge APP" ही मांडणी निवडली तर हे चालत नाही.

ती `manas.bin` तयार करायला टर्मक्सच्या आत उबुंटू टाकून त्यात `arduino-cli` चालवलं. कंपाइल अर्ध्यावर असताना `[Process completed (signal 9) - press Enter]` येऊन सगळं बंद पडायचं. मला आधी वाटलं रॅम कमी पडतेय. पण अँड्रॉइड १२पासून अॅप्सनी सुरू केलेल्या अशा उपप्रक्रियांवर सगळ्या मिळून ३२ची मर्यादा आहे, आणि कंपाइलर एकाच वेळी बऱ्याच प्रक्रिया उघडतो. `arduino-cli compile` ला `--jobs 1` जोडलं की वेळ जास्त लागतो, पण काम पुरं होतं. अँड्रॉइड १४मध्ये डेव्हलपर ऑप्शन्सात "Disable child process restrictions" हा पर्यायही आहे.

त्या काळात मी बाबांना सांगितलं होतं की लॅपटॉपची गरज नाही. ते चतुर्थीपर्यंतच टिकलं. मायक्रोकंट्रोलरच्या लॅबला केइल हे सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजवर चालतं. पीसीबीसाठी कायकॅड हवं, ते अँड्रॉइडला नाही. सिम्युलिंकची मॉडेल्स मॅटलॅबच्या मोबाइल अॅपमध्ये बनवता येत नाहीत. याला हब किंवा ओटीएचा उपाय नाही.

शेवटी एकवीस हजारांना ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप घेतला. आठव्या पिढीचा आय५ मुद्दाम बघून घेतला, कारण इंटेलच्या त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. बॅटरी जेमतेम अडीच तास आणि वजन खांद्याला जाणवतं. पण यूएसबीची तीन पोर्ट आहेत आणि चार्जरची पिन वेगळी आहे. एकात बोर्ड, दुसऱ्यात लॉजिक अॅनालायझर, तिसऱ्यात पेनड्राइव्ह. त्याच केबलवर, हबशिवाय, ब्राउनआउट एकदाही आला नाही.

टॅबलेट विकलेला नाही. वर्गात तोच नेतो, आणि मानशीजवळ बांधावर उभं राहून बोर्डाचा कोड बदलायला ओटीएमुळे तोच सोयीचा पडतो. पण दोन्हींना मिळून पंचावन्न हजार लागले. एवढ्यात नवा, वॉरंटी असलेला बरा लॅपटॉप आला असता, याची चुटपुट आहे. मामेभाऊ यंदा पहिल्या वर्षाला आहे, त्याचंही टॅबलेटवरच मन आहे. त्याची शाखा मेकॅनिकल, म्हणजे सॉलिडवर्क्स येणार आणि तेही विंडोजचंच. त्याला आधी लॅपटॉप घ्यायला सांगितलंय, आणि जुना घेतलास तर पैसे देण्याआधी प्रत्येक पोर्टला पेनड्राइव्ह लावून, ती हलवून बघ, असं बजावलंय.