मराठी-कन्नड देवाणघेवाण: काही महिने वापरलेली एका तासाची आखणी

एकमेकांशी बोलून एकमेकांची भाषा शिकायची, तर सांगली-मिरजेत कन्नड बोलणारा जोडीदार सहज मिळतो. अडचण पुढेच येते. त्याला मराठी बऱ्यापैकी येत असतं, त्यामुळे 'थोडं हे, थोडं ते' म्हणत बसलं की दहा मिनिटांत सगळी गाडी मराठीवर येते. म्हणून ही आखणी. आता तिच्याशिवाय बसूच नये, असं ठाम मत झालंय.

तासाचे दोन भाग, एक कन्नडचा आणि एक मराठीचा. प्रत्येकात 20 मिनिटं बोलणं आणि 8 मिनिटं दुरुस्ती. उरलेली 4 मिनिटं पुढचा विषय ठरवायला. गजर मोबाईलवर लावायचा आणि वाजला की वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचं. सुरुवात कच्च्या भाषेने, आमच्याकडे कन्नडने. ती मागे ठेवली की गप्पा लांबतात आणि तिचाच वेळ जातो.

मिनिटं सारखी वाटली म्हणजे सराव सारखा झाला असं मात्र नाही. कन्नडच्या भागात शिकणारा अडखळतो, समोरचा मदतीला येतो आणि शेवटी तोच बोलत राहतो. मग ऐकणं होतं, बोलणं नाही. मधली तीन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. शिकणाऱ्याचा आवाज निम्म्याहून कमी असेल, तर पुढच्या वेळी जाणत्याने फक्त प्रश्न विचारायचे.

दुरुस्ती हा या आखणीचा खरा कस. बोलताना टोकायचं नाही, अर्थच लागत नसेल तेवढं विचारायचं. ऐकणाऱ्याने चुकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचं आणि शेवटी त्यातली तीनच घ्यायची, तीही वारंवार होणारी. समजा, जोडीदार बाजाराबद्दल सांगताना म्हणाला, 'मी हळद घेतलो.' वाक्य त्याला वाचून दाखवायचं आणि गप्प राहायचं. बऱ्याचदा तोच सुधारतो. नाही जमलं तर 'मी हळद घेतली' सांगायचं आणि लगेच शब्द बदलून म्हणवून घ्यायचं: गूळ घेतला, पोतं घेतलं. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, म्हणून ही चूक नुसतं बरोबर वाक्य ऐकवून जात नाही; तीन लिंगं तोंडातून जावी लागतात.

आपली चूक उलटी. बस मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून आपण 'बस् बरुत्ताळे' म्हणतो. कन्नडला निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, तेव्हा 'बस् बरुत्तदे'. इथे एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: बेळगावकडचा जोडीदार सहज 'बर्तैति' म्हणेल. पुस्तकी रूप हवं की बोलीतलं, हे ठरलं नसेल तर एकाच शब्दाची आज एक दुरुस्ती आणि पुढच्या वेळी दुसरी मिळते.

अगदी नवशिक्याला ही आखणी पेलत नाही. वीस मिनिटं बोलायला निदान रोजची क्रियापदं तरी हाताशी लागतात. तोवर 10 मिनिटांचे तुकडे करा आणि समोर एखादं चित्र ठेवा.