कुंद्याचा पुडा की बाटलीचं झाकण?

बेळगाव स्टेशनावरच्या निरोपाची कथा मी दोनदा लिहिली. दोन्हींत म्हातारे मित्र तेच. एक कायमचा पुण्याला मुलाकडे निघालाय.

पहिल्या खर्ड्यात गाडी हलताना मित्र खिडकीतून बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा पुडा देतो. गाव लगेच उभं राहतं, वासासकट. पण कुंदा इथून जाणाऱ्या कुणालाही देतात. या दोघांची चाळीस वर्षं त्यातून दिसेनात, म्हणून मी डोळ्यांत पाणी आणलं, जुन्या आठवणी घातल्या, आणि कथा फुगली.

दुसऱ्यात मित्र नळावर बाटली भरतो, झाकण घट्ट लावतो, मग अर्धा आटा सैल करून देतो. बस. जाणाऱ्याची बोटं संधिवातानं आखडलीत हे त्याला ठाऊक आहे.

इथे धोका वेगळा. आटा सैल करण्यामागचं कारण आधी पेरलं नाही तर वाचकाला झाकण नुसतं झाकणच वाटतं. म्हणून सुरुवातीला चहाचा कप जाणाऱ्याला दोन्ही तळव्यांत धरायला लावला. संधिवात हा शब्द मात्र कथेत कुठेच नाही. तो घातला की कृती औषधाच्या चिठ्ठीसारखी होते.

मी झाकणच ठेवलं. कुंदाही आहे, पिशवीत, एका ओळीपुरता. शेवट मात्र फलाटावरून हलवला: घटप्रभा मागे पडल्यावर त्याला तहान लागते, आणि झाकण दोन बोटांनी निघतं.